दादीला सन विचारू नका

कॅमेरा लावून मी थेट विचारलं, "पोलीस ॲक्शनमध्ये काय झालं?" दादी "अल्लाह को मालूम" म्हणून गप्प झाली. चूक माझीच. १९४८ साली ती आठ वर्षांची होती. त्या वयातला सन नाही, जागा लक्षात राहते. दुसऱ्या दिवशी आवाज नको म्हणून पंखा बंद केला, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि विचारलं, "दादी, घर का दरवाजा किधर था?" दारातून ती चुलीपाशी आणि तिथून आपणच त्या रात्रीपर्यंत गेली. मध्येच थांबली. मी पुढचा प्रश्न न विचारता मनात दहा मोजले. मग ती बोलली. शेवटी "अब बंद कर" म्हणाली, मी लगेच बंद केलं. आठवण तिची, किती रेकॉर्ड व्हावी हे तिनंच ठरवावं.