शिवणखोलीतली चिंधी आणि गॅरेजचा वायपर

अंधेरीच्या साकीनाक्याला किंवा घाटकोपरच्या असल्फ्याला गल्लीबोळातून चालताना माळ्यावरून मशीनचा आवाज येतो आणि खाली दाराशी चिंध्यांनी फुगलेली गोणी दिसते. टी-शर्ट, लेगिंग्ज, लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या या खोल्यांतून ती रोज भरते. गळ्याचा, मुंढ्याचा आकार गोल असल्यामुळे कटिंग मास्तरने कितीही काटकसर केली तरी शंभर किलो कापडातले दहा-पंधरा किलो टेबलावरून खाली पडतेच. गोणी भरली की भंगारवाला ती पडेल त्या भावाने उचलतो. नाहीतर ती कचऱ्याच्या गाडीत जाते.

‘घरी मशीन आहे, चिंध्यांचं काही करता येईल का?’ असे अनेक भगिनी विचारतात. पायपुसणी, गोधडी, पिशव्या हे सगळे होते. पण मुंबईच्या उपनगरांत ज्याला कायम गिऱ्हाईक आहे, असा माल म्हणजे वायपर. गॅरेज, छापखाना, मरोळच्या एमआयडीसीतले छोटे कारखाने अशा सगळ्यांना तेल आणि शाई पुसायला कापड लागते. ते एकदा वापरून टाकले जाते, म्हणून मागणी संपत नाही. होजिअरीचे, म्हणजे बनियनच्या जातीचे विणलेले सुती कापड यासाठी उत्तम, कारण ते मऊ असते आणि तेल पटकन शोषते. छोटे तुकडे एकमेकांना जोडून हातरुमालापेक्षा थोडा मोठा, साधारण पंधरा इंची चौकोन शिवला की वायपर तयार. तो किलोवर विकला जातो.

ऐकायला सोपे वाटते, पण बहुतेक जणींचा हिशेब चुकतो तो चिंधी विकत घेताना. एक उदाहरण करून पाहू. भाव रोज बदलतात आणि गल्लीगणिक वेगळे असतात, म्हणून आकडे फक्त समजण्यासाठी गोल धरले आहेत. आपापल्या भागातले भाव घालून हाच हिशेब मांडावा.

समजा, असल्फ्यातल्या एका घरातल्या सासू-सुनेने 15 रुपये किलोने 50 किलो मिसळ गोणी घेतली. त्याचे 750 रुपये झाले, हातगाडीचे 150, दोरा आणि विजेचे 100. खर्च 1000 रुपये. गोणी उपसल्यावर पाच किलो पॉलिएस्टर आणि इलास्टिकची पट्टी निघाली, पाच किलो ओव्हरलॉक मशीनने कापलेल्या बारीक शेवया निघाल्या. त्या फार तर उशीत भरायच्या कामाच्या. कामाचे राहिले 40 किलो. एक वायपर साधारण 30 ग्रॅमचा, म्हणजे 1300 च्या आसपास वायपर झाले. 45 रुपये किलोने विकले तर 1800 रुपये आले आणि हातात 800 उरले.

आता वेळ मोजू. तुकडे लहान असतील तर एका वायपरला चार-पाच तुकडे जोडावे लागतात आणि दीड मिनिट जाते. 1300 वायपरना साडेबत्तीस तास लागले. तासाला 25 रुपयेही पडले नाहीत, आणि निवडण्यात गेलेली अख्खी दुपार यात धरलेलीच नाही.

त्याच सुनेने कटिंग मास्तरला सांगितले असते, ‘मास्तर, टेबलाखाली दोन गोण्या ठेवा. एकीत फक्त सुती होजिअरीचे वीतभर किंवा त्याहून मोठे तुकडे टाका, मी किलोला पाच रुपये जास्त देईन,’ तर काय झाले असते? 20 रुपयांनी 40 किलोचे 800, गाडी-दोऱ्याचे तेच 250, खर्च 1050. हातात 750 उरतात, म्हणजे आधीपेक्षा 50 कमी. पण मोठ्या तुकड्यांना दोनच शिवणी लागतात. वायपरला पाऊण मिनिट धरले तर सगळे काम सव्वासोळा तासांत संपते. तासाला 46 रुपये पडतात आणि निवडण्याची दुपार वाचते. महाग चिंधीने जवळजवळ दुप्पट मिळवून दिले. या धंद्यात खरा खर्च चिंधीचा नसून शिवणीचा आहे. म्हणून बोलणी भंगारवाल्याशी करण्याऐवजी मास्तरशी करावीत, आणि चिंधी जमिनीवर पडून मिसळण्याआधीच करावीत.

सुती आहे की नाही हे हाताला नेहमी कळत नाही. पाण्याच्या ताटलीवर चिमट्यात एक तुकडा धरून काडी लावावी. सुती कापड कागदासारखा वास देत जळते आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आगीपासून आक्रसते, वितळते आणि काळा कडक मणी उरतो. वास कागदाचा आणि राखेत कडक खडे असतील तर मिश्र कापड समजावे. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब लगेच मुरला तर चांगले. कापडावर मोत्यासारखा बसून राहिला तर त्यावर मऊपणाचे किंवा दुसरे रसायन असू शकते. रबरासारखी छपाई असलेला भागही शोषत नाही, तो कापून टाकावा. पिन, हुक, बटण तर एकही राहता कामा नये. मशीन पुसताना त्याने हात कापतो किंवा छापखान्याच्या रुळावर ओरखडा येतो, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. पांढरा माल वेगळा बांधावा. त्याला भाव जास्त असतो, कारण त्यातून रंग सुटण्याची भीती नसते.

घर लहान असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. चिंध्यांची गोणी गॅस आणि मीटरजवळ कधीच ठेवू नये, ठिणगी पडली तर ती पाहता पाहता पेटते. पावसाळ्यात गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. ओल लागली की बुरशीचा वास बसतो आणि अख्खा गठ्ठा परत येतो. ओव्हरलॉकची धूळ नाकात जाते, तोंडाला ओढणी बांधूनच निवडायला बसावे.

शेवटी एक गोष्ट, जी विचारायला अनेकांना संकोच वाटतो: चिंधी कोणाची? शिवणखोली जॉबवर्क करत असेल तर कापड मालकाचे असते, कारागिराचे नाही. काही कंपन्या आपल्या छापाचे तुकडे बाहेर जाऊ देत नाहीत. टेलरकडे गिऱ्हाईकाने दिलेल्या कापडातला उरलेला तुकडाही गिऱ्हाईकाचाच असतो. ती अमानत आहे. मास्तरने परस्पर विकलेली गोणी स्वस्त पडेल, पण ज्या दिवशी मालक विचारील त्या दिवशी तुमचा पुरवठाही बंद होईल. म्हणून पहिल्या दिवशीच मालकाला भेटून, भाव ठरवून, वजनाची चिठ्ठी घ्यावी. आणि आपण विकताना गठ्ठ्याच्या आत पॉलिएस्टर आणि वर पांढरे सुती असे कधी करू नये. गॅरेजवाला दुसऱ्याच दिवशी ओळखतो.

सुरुवात दहा किलोने करा. घड्याळ समोर ठेवून शंभर वायपर शिवा आणि लागलेली मिनिटे लिहून ठेवा. धंदा करायचा की नाही, याचे उत्तर त्या कागदावरच मिळेल.