दोनशेची रेघ

सामना अनिर्णित सुटायचा असताना, नऊ गडी बाद झालेल्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये एका चौकारावर जल्लोष का व्हावा? डिसेंबर 2024 मध्ये ब्रिस्बेनची कसोटी पाहणाऱ्या नवख्या प्रेक्षकाला हा प्रश्न नक्की पडला असेल. आकाश दीपने पॅट कमिन्सला चौकार मारला आणि कोहली-गंभीर हरखून गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोनच शब्द होते: फॉलोऑन टळला.

कसोटीत संघ सहसा आलटून पालटून फलंदाजी करतात. मात्र पाच दिवसांच्या सामन्यात पहिली फलंदाजी करणाऱ्या संघाकडे पहिल्या डावाअखेर 200 किंवा अधिक धावांची आघाडी असेल, तर त्याचा कर्णधार प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवू शकतो. हाच फॉलोऑन. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या 445 धावा होत्या, म्हणजे भारताला 246 हव्या होत्या. 245 वर डाव आटोपला असता तर आघाडी बरोबर 200 ची झाली असती. नववा गडी 213 वर पडला. उरलेल्या 33 धावा बुमरा आणि आकाश दीप या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या मंडळींनी काढल्या. पावसाने आधीच बराच वेळ खाल्ला होता, त्यामुळे ऑस्ट्रेलियाला पुन्हा बॅट हाती घ्यावी लागणे म्हणजे भारताची सुटकाच.

बातम्यांत मात्र ‘फॉलोऑनची नामुष्की’ हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की नियमातला ‘शकतो’ हरवतो. फॉलोऑन आपोआप मिळत नाही, कर्णधार तो लादतो. आणि लादणे कधीकधी महागात पडते.

मार्च 2001, ईडन गार्डन्स. ऑस्ट्रेलियाच्या धावा तेव्हाही 445च! भारत 171 मध्ये गारद, पिछाडी 274 ची. सलग 16 कसोट्या जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने, स्टीव्ह वॉने, फॉलोऑन दिला. गोलंदाजांनी जेमतेम 58 षटके टाकली होती, ते दमलेले दिसत नव्हते. निर्णय तेव्हा कुणाला खटकावा असा नव्हताच. पण पहिल्या डावात सहाव्या क्रमांकावर येऊन 59 धावा करणाऱ्या लक्ष्मणला भारताने या वेळी तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. चौथा अख्खा दिवस तो आणि द्रविड खेळत राहिले, एकही गडी पडला नाही. लक्ष्मण 281, द्रविड 180, भागीदारी 376 धावांची. मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न यांना विश्रांती न मिळता आणखी 178 षटके मैदानात राबावे लागले.

भारताने 7 बाद 657 वर डाव सोडला. शेवटच्या दिवशी, झिजलेल्या खेळपट्टीवर हरभजनसमोर 384 धावांचा पाठलाग करण्याची पाळी ऑस्ट्रेलियावर आली. ते 212 वर आटोपले. वॉने फॉलोऑन दिला नसता, तर त्या खेळपट्टीवर चौथा डाव भारताला खेळावा लागला असता.