विश्लेषण : संकेतस्थळाचे प्रमाणपत्र रद्द झाले, हे फोनला कळते कसे?

२ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्याच संकेतस्थळांच्या नावाची, पण आपण कधीच न मागितलेली डिजिटल प्रमाणपत्रे आढळली. ती दिली होती भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने. अशी प्रमाणपत्रे ज्याच्या हाती असतील तो वापरकर्ता आणि गूगल यांच्या मध्ये बसून, ब्राउझरला जराही शंका न येऊ देता, पासवर्ड वाचू शकला असता. प्रमाणपत्रांची मुदत तर अजून संपायची होती. मग ती थांबवायची कशी?

प्रमाणपत्र कशाची खात्री देते?

संकेतस्थळाच्या पत्त्याआधी `https` असते, तेव्हा ते संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र ब्राउझरला दाखवते. त्यात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. ब्राउझर त्या स्वाक्षरीचा माग काढत वर जातो. २०१४च्या प्रकरणात ही साखळी तीन कड्यांची होती. तळाशी संकेतस्थळाचे प्रमाणपत्र, मध्ये एनआयसीचे आणि सर्वात वर केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांचे (सीसीए) मूळ प्रमाणपत्र. हे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत होते. त्यामुळे विंडोजवरील बहुतेक ब्राउझर ही साखळी मान्य करत. अँड्रॉइड, आयफोन आणि फायरफॉक्स यांच्या याद्यांत ते नव्हते, म्हणून त्यांना या प्रकरणाची झळ लागली नाही.

मुदत संपणे आणि रद्द होणे यांत फरक काय?

मुदतीचे काम सरळ आहे. प्रमाणपत्रावरच दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. ब्राउझर त्या फोनच्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि निकाल देतो. त्यासाठी त्याला कोणालाही विचारावे लागत नाही. म्हणूनच फोनची तारीख चुकून दोन वर्षे मागे गेली, तर धडधाकट संकेतस्थळेही एकामागून एक उघडेनाशी होतात. एकाच संकेतस्थळावर इशारा आला तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा असतो. सगळीकडे येऊ लागला तर आधी घड्याळ पाहावे.

रद्द करणे हा मात्र नंतर घेतलेला निर्णय असतो. किल्ली चोरीला गेली किंवा प्रमाणपत्र चुकीच्या हातात पडले, की ते देणारी संस्था त्याचा क्रमांक रद्द केलेल्यांच्या यादीत टाकते. पण प्रमाणपत्र तर चोराकडे आहे आणि त्यावरची स्वाक्षरी अजूनही खरीच आहे. ते नुसते पाहून काहीच कळत नाही. ब्राउझरला ही बातमी बाहेरून मिळावी लागते आणि सगळी अडचण इथेच आहे.

ब्राउझर थेट विचारत का नाही?

पूर्वी विचारत असे. प्रत्येक वेळी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरला ‘हा क्रमांक अजून चालू आहे ना?’ असा प्रश्न जाई. या पद्धतीला ओसीएसपी म्हणतात. मात्र त्या सर्व्हरकडून उत्तर आले नाही, तर बहुतेक ब्राउझर ‘सगळे ठीक असावे’ असे धरून पुढे जात. असे न करावे तर तो सर्व्हर बंद पडताच हजारो निर्दोष संकेतस्थळे बंद पडली असती. शिवाय रेल्वे स्थानकावरच्या वायफायमध्ये लॉग-इन करण्याआधी इंटरनेटच नसते, तेव्हा उत्तर येणार कोठून?

या सवलतीने तपासणीतला जीवच काढून घेतला. बनावट प्रमाणपत्र वापरणारा चोर वापरकर्त्याच्या जोडणीच्या मध्येच बसलेला असतो. जो जीमेलची जोडणी अडवू शकतो, त्याला ओसीएसपीचा प्रश्न अडवणे काय जड? ज्या एका प्रसंगी या तपासणीची खरी गरज, नेमक्या त्याच प्रसंगी ती गप्प राहणार. त्यात आणखी एक खोट होती. कोण कोणते संकेतस्थळ उघडतो, हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आयतेच कळत होते. क्रोमने २०१२ मध्ये ही चौकशी सोडून दिली. पुढे लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या मोठ्या संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपली ओसीएसपी सेवाच बंद केली.

मग २०१४ मध्ये काय केले?

यादी ब्राउझरपर्यंत पोहोचवली. क्रोममध्ये रद्द प्रमाणपत्रांची एक छोटी, निवडक यादी असते. नवी आवृत्ती उतरवून न घेताही ती आपोआप अद्ययावत होते. गूगलने आढळलेली प्रमाणपत्रे या यादीत टाकली. ३ जुलैला सीसीएने एनआयसीची मधली प्रमाणपत्रेच रद्द केली, तीही यादीत गेली. मधली कडी तुटली, की तिच्याखाली लटकणारे सर्व काही, प्रामाणिक संकेतस्थळांसकट, अमान्य होते. म्हणूनच हा निर्णय सहजासहजी घेतला जात नाही.

सीसीएच्या चौकशीत चारच बनावट प्रमाणपत्रे निघाली. तीन गूगलच्या नावाची, एक याहूच्या. पहिले २५ जूनला दिले गेले होते. या चौघांबाहेरचीही बनावट प्रमाणपत्रे गूगलला ठाऊक होती. त्यामुळे घोटाळ्याची व्याप्ती अज्ञात आहे, असा निष्कर्ष काढत गूगलने पुढच्या क्रोममध्ये सीसीएच्या साखळीवरचा विश्वास `gov.in`, `nic.in`, `ac.in` अशा मोजक्या नावांपुरता मर्यादित केला. मायक्रोसॉफ्टनेही १० जुलैला विंडोजसाठी विश्वास काढून घेणारी सुधारणा पाठवली.

पडद्यावर काय दिसते?

क्रोममध्ये मुदत संपल्याचा इशारा `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असा येतो. तिथे सहसा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे जाता येते. आपल्याकडे फक्त सुरक्षित जोडणीनेच यावे, असे ज्या संकेतस्थळाने आधीच ब्राउझरला बजावलेले असते, तिथे मात्र ही वाटही नसते. प्रमाणपत्र रद्द असेल तर `NET::ERR_CERT_REVOKED` दिसते आणि पुढे जाण्याचा दुवा मिळत नाही.

एका दिवसाने मुदत संपली तर काय बिघडले, असा प्रश्न साहजिक आहे. सांकेतीकरण तर तसेच चालू असते. पण मुदत संपलेली प्रमाणपत्रे रद्द झालेल्यांच्या यादीतून काढून टाकता येतात, नाहीतर यादी फुगतच जाईल. त्यामुळे जुन्या प्रमाणपत्राची किल्ली चोरीला गेली असली, तरी ते कुठल्या यादीत सापडेलच असे नाही. आळशी व्यवस्थापकाचे जुने प्रमाणपत्र आणि चोराच्या हातचे जुने प्रमाणपत्र यांतला फरक ब्राउझरला ओळखता येत नाही.

मुदत आणखी कमी का होत आहे?

रद्द केल्याची बातमी पोहोचवणे इतके बेभरवशाचे असेल, तर प्रमाणपत्राचे आयुष्यच छोटे करावे, हा त्यावरचा उपाय. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणन संस्थांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये पुढचे टप्पे ठरवले. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. लेट्स एन्क्रिप्ट तर सहा दिवसांची प्रमाणपत्रेही देते. रद्द झाले का, हे कुठे विचारायचे त्याचा पत्ता त्यांत लिहिलेलाच नसतो.

२०१४च्या प्रकरणाला हा हिशेब लावून पाहता येतो. २५ जूनचे बनावट प्रमाणपत्र सहा दिवसांचे असते, तर २ जुलैला गूगलला सुगावा लागण्याआधीच ते आपोआप निकामी झाले असते. मात्र तेव्हा चोरीला एखादी किल्ली गेली नव्हती, एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच फोडली गेली होती. घुसखोराला सातव्या दिवशी दुसरे प्रमाणपत्र काढून घेण्यापासून कोणतीही मुदत अडवू शकली नसती. तिथे मधली कडी तोडण्याला पर्याय नव्हता.