भाषांतरित उतारा आणि साम्यतपासणी

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये, आणि खेदाने म्हणावे लागते की काही मार्गदर्शकांमध्येही, अशी एक समजूत रूढ झाली आहे की इंग्रजी ग्रंथातील उतारा मराठीत उतरवून घेतला म्हणजे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडत नाही, आणि ज्यावर तपासणीत बोट ठेवले गेले नाही तो मजकूर आपलाच ठरतो. या समजुतीचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध सर्वस्वी खोटा आहे.

नागपूरच्या विद्याक्षेत्रातला दाखला घेऊ. वाकाटकांवर मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यास म. म. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखांच्या इंग्रजी खंडावाचून गत्यंतर नाही. प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाचा आरंभ पतिकुलाच्या वंशावळीने न होता पितृकुलाच्या, म्हणजे गुप्तांच्या, वंशावळीने होतो, आणि वाकाटक दरबारातील गुप्तांच्या वजनाची चर्चा अभ्यासक या गोष्टीवरून करीत आले आहेत. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने अशा ताम्रपटाचे विवेचन खंडातून वाक्यामागून वाक्य मराठीत आणले आणि मिराशींचे नाव तेवढे गाळले.

नेहमीच्या तपासणीत मजकुराचा अर्थ पाहिला जात नाही. लागोपाठ येणाऱ्या काही शब्दांचे तुकडे पाडून ते संग्रहातील मजकुराच्या तुकड्यांशी ताडले जातात. देवनागरी शब्दांची रांग रोमन शब्दांच्या रांगेशी जुळणे अशक्य असल्यामुळे अहवालात शून्य येते. दुसरा उपाय असा की मराठी मजकूर यंत्राकरवी इंग्रजीत परत आणावा व मग ताडावा. परंतु दोनदा भाषा बदललेल्या वाक्याची रचना व पर्यायशब्द मुळाहून इतके दूर जातात की जुळतात ती बहुधा विशेषनामेच. तिसरा उपाय अर्थसाम्य मोजण्याचा. तो अधिक समर्थ आहे खरा, पण त्याची अडचण निराळीच आहे: एकाच ताम्रपटाविषयी लिहिणारे सर्वच लेखक तोच राजवंश, तीच राणी व तेच दान सांगणार, त्यामुळे चोरलेला उतारा आणि प्रामाणिकपणे लिहिलेला उतारा अशा दोहोंवर सारखीच खूण पडते. शिवाय मूळ ग्रंथ संग्रहातच नसला, किंवा प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेला असल्यामुळे यंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसला, तर तुलना सुरूच होत नाही. सारांश, ‘यंत्र सारे पकडते’ असे सांगून विद्यार्थ्यांना भय घालणारे मार्गदर्शकही चुकतात, आणि भय खोटे ठरले की मुभा मिळाली असे विद्यार्थी मानतो.

विषयाचा जाणकार परीक्षक मात्र दोन्ही पाने शेजारी ठेवतो आणि शब्द न पाहता युक्तिवादाचा क्रम पाहतो. कोणते मत प्रथम खोडले आहे, कोणता पाठ स्वीकारला आहे, तळटिपा कोणत्या क्रमाने आल्या आहेत, आणि विद्यार्थ्याने कधी हाताळले नसावे अशा जुन्या नियतकालिकाचा हवाला त्याच जागी, त्याच पृष्ठांकासह, मुळातला छापदोष असल्यास त्याच्याही सकट आला आहे काय, हे त्याला कळते. हा पुरावा भाषांतराने पुसला जात नाही. उलट तोंडी परीक्षेत ‘हे मत आपण कोठून काढले?’ या एका प्रश्नाने तो पुरा होतो.

यावर दोन हरकती घेतल्या जातात. पहिली अशी की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. हे खरे, पण ज्या विनियमांत ही टक्केवारी आहे त्यांतीलच वाङ्मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडणेही येते, आणि कल्पनेला भाषा बदलल्याने नवा मालक मिळत नाही. दुसरी हरकत अशी की भाषांतर हेच श्रमाचे काम आहे, तेव्हा मजकुरावर भाषांतरकाराचा हक्क का नसावा? श्रमाचा हक्क निःसंशय आहे, परंतु तो श्रमापुरता, विचारापुरता नाही.

आणि हा हक्क उघडपणे सांगण्याची सोय असताना लपवाछपवी कशासाठी? परिच्छेदाखाली एवढेच लिहावे: ‘येथपर्यंतचे विवेचन मिराशी यांच्या १९६३ च्या इंग्रजी खंडातील, पृष्ठ अमुक, अनुवाद माझा.’ या एका ओळीत मूळ लेखकाचे श्रेय त्याला, अनुवादाचे श्रेय विद्यार्थ्याला, आणि पडताळणीचे पान परीक्षकाला मिळते. त्याच विनियमांप्रमाणे योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्याच्या हिशेबातून वगळलाही जातो. उलटपक्षी, चोरी झाकू पाहणाऱ्याला वाक्ये फिरवावी लागतात, टिपा विस्कटाव्या लागतात, आणि तोंडी परीक्षेत न वाचलेल्या ग्रंथांची जबाबदारी घ्यावी लागते. मात्र संपूर्ण प्रकरण अनुवादून आणणाऱ्याला केवळ हवाला पुरणार नाही. प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत भाषांतराचा अधिकार १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने मूळ हक्कधारकाकडे असतो, तोवर परवानगीच लागते.

मार्गदर्शकांना माझी विनंती एवढीच आहे की प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी साम्य अहवालाच्या आकड्यावर समाधान न मानता, ज्या प्रकरणाचा आधार इंग्रजी आहे त्यातील कोणतेही एक पान निवडून विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ समोर उघडून दाखवण्यास सांगावे.