सोळा जण, चार रूम आणि एक ल्युडो

तर झालं असं, की मागच्या दिवाळीत आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीतल्या आणि कॉलेजच्या मित्रमंडळींनी मिळून ल्युडो किंगची स्पर्धा घेतली. (हो, ल्युडोच. २०१६ साली नवी मुंबईच्या गेमशननं काढलेला, लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचलेला.) मी सॉफ्टवेअरवाला म्हणून संयोजकपद आपोआप गळ्यात पडलं.

सोळा नावं आली. सगळे म्हणाले, सोपं आहे, चार रूम करू, जिंकलेले चौघे फायनलला. मी त्याला विरोध केला आणि अजूनही करतो. बुद्धिबळात बाद फेरी चालेल, ल्युडोत फासा आहे. समजा एखादी खरंच चांगली खेळते आणि तिची डाव जिंकायची शक्यता २५ ऐवजी ३५ टक्के आहे. तरी शंभरातल्या ६५ वेळा ती पहिल्याच डावात बाहेर. वीस-पंचवीस मिनिटं खेळायचं आणि मग दोन शनिवार इतरांचे स्क्रीनशॉट बघत बसायचं, ह्यात कसली मजा?

पण दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. चौघांच्या रूममध्ये दोघं एकाच मजल्यावरचे निघाले की ते एकमेकांची सोंगटी मारत नाहीत. सिद्ध काहीच करता येत नाही, 'अरे, मला दिसलीच नाही' म्हटलं की संपलं. पुढच्या फेरीत तेच दोघं परत भेटणार असतील तर उधारीही चालते, आज तू सोड, उद्या मी सोडतो.

ह्यावर नियम लिहून उपयोग नाही, वेळापत्रकच तसं हवं. सोळा जणांसाठी गणितात एक सुंदर सोय आहे. पाच फेऱ्या, दर फेरीत चार रूम, आणि प्रत्येकजण बाकीच्या पंधराही जणांना बरोबर एकदाच भेटतो. चिठ्ठ्या टाकून नंबर द्यायचे आणि हा तक्ता वापरायचा:

```
फेरी १:  १-२-३-४    ५-६-७-८    ९-१०-११-१२  १३-१४-१५-१६
फेरी २:  १-५-९-१३   २-६-१०-१४  ३-७-११-१५   ४-८-१२-१६
फेरी ३:  १-६-११-१६  २-५-१२-१५  ३-८-९-१४    ४-७-१०-१३
फेरी ४:  १-७-१२-१४  २-८-११-१३  ३-५-१०-१६   ४-६-९-१५
फेरी ५:  १-८-१०-१५  २-७-९-१६   ३-६-१२-१३   ४-५-११-१४
```

जिगरी दोस्त एकदा भेटणारच, पण उधारी फेडायला दुसरी संधी नाही. गुण ३, २, १, ०. म्हणजे एका फेरीची बेरीज २४ यायलाच हवी. नाही आली तर कुणाचा तरी निकाल चुकीचा नोंदला गेलाय. दोघांचे गुण सारखे झाले तर? ते कुठल्यातरी एका रूममध्ये भेटलेलेच असतात, तिथे जो पुढे होता तो वर. नवीन डाव नको, वाद नको.

आमच्याकडे एकानं आदल्या रात्री अंग काढून घेतलं आणि पंधरा उरले. आधी घाबरलो, मग तक्ता बघून हसू आलं. गैरहजर माणूस प्रत्येकाला एकदाच भेटणार होता, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तिघांची रूम एकदाच येणार. सवलत सगळ्यांना सारखीच! (फक्त त्या फेरीची बेरीज २४ ऐवजी २३ न येता २४च राहते, कारण तिथे शून्य मिळणारा नसतो.) मधूनच कुणी सोडलं तर मात्र हा हिशेब बिघडतो, म्हणून पाचही फेऱ्यांच्या तारखा आधीच कबूल करून घ्या.

आता रूम कोड. पहिल्या फेरीत मी चारही कोड मोठ्या ग्रुपवर टाकले आणि तोंडावर आपटलो. एक जण दुसऱ्याच रूममध्ये शिरला, एका रूममध्ये तर कुणाचा तरी मावसभाऊ येऊन बसला. दुसऱ्या फेरीपासून रूममधला सर्वांत लहान नंबर रूम उघडणार आणि कोड फक्त त्या तिघांनाच पाठवणार. कोड आल्यापासून पाच मिनिटं वाट, नावं जुळली की सुरू. निकालाचा स्क्रीनशॉट दोघांनी टाकायचा, जिंकलेल्यानं आणि शेवटच्यानं.

सगळ्यात जास्त भांडण नेट गेल्यावर. एक महाशय स्लो लोकलमधून खेळत होते आणि विक्रोळीच्या पुढे गायब झाले. त्यांचं म्हणणं, परत खेळू. मी नाही म्हटलं. एकाही सोंगटीनं घर सोडलं नसेल तर नवी रूम, नाहीतर बाहेर पडलेला शेवटचा, असं आधीच लिहिलं होतं. कारण हरताना नेट 'जातं' आणि जिंकताना जात नाही, हे आपण सगळेच जाणतो.

'प्रत्येकी पन्नास काढू, जिंकेल त्याला पॉट' हेही सुचवलं गेलं. त्याला ठाम नकार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे भरून पैसे जिंकायचे खेळ बंदीत येतात, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ल्युडो नक्की कशाचा हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता म्हणे लोक अजून सांगतात, पण ह्या कायद्यापुढे तो मुद्दाच उरत नाही. फी शून्य ठेवली, स्टीलचा एक कप मी माझ्या खिशातून आणला.

कप चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी नेला. पाच डावांत एकच जिंकल्या होत्या, पण शेवटच्या कधीच आल्या नाहीत. बाद फेरी असती तर पहिल्याच शनिवारी घरी गेल्या असत्या.