महागाई वाढ आणि गोठलेली पेन्शन

शहादे तालुक्यातील पुरुषोत्तमनगर ही सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत असून, अशा कारखान्यांतून निवृत्त होणारा कामगार कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजे बोलीभाषेतील ‘ईपीएस-95’, या योजनेखाली येतो; त्याच गावातील जिल्हा परिषद शाळेतून जुन्या योजनेनुसार निवृत्त झालेल्या शिक्षकाला मात्र राज्य शासनाचे निवृत्तिवेतन मिळते. दोघांचाही बाजार एकच असतो, परंतु शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात महागाईनुसार भर पडत राहते आणि कामगाराची पेन्शन पहिल्या महिन्याच्या आकड्यावरच थांबते. हा भेद न्याय्य आहे असे मानणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा की, ईपीएस ही अंशदानाची योजना आहे, जितके भरले तितकेच परत मिळणार, आणि महागाईची भरपाई हा केवळ सरकारी तिजोरीवर जगणाऱ्यांचा विशेषाधिकार होय. या युक्तिवादात एक खरा धागा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

प्रथम, महागाईची भरपाई म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे. सेवेतील कर्मचाऱ्याला मिळतो तो महागाई भत्ता, तर निवृत्तिवेतनधारकाला त्याच दराने मिळणाऱ्या रकमेला राज्याच्या शासन निर्णयांत ‘महागाई वाढ’ म्हटले जाते. श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांच्या वापरातील वस्तूंच्या किमतींवरून दर महिन्याला निर्देशांक काढतो. त्याची बारा महिन्यांची सरासरी 261.42 या पायाभूत आकड्यापेक्षा जितके टक्के अधिक, तितका महागाई वाढीचा दर, आणि अपूर्णांक सोडून दिला जातो. 2023 या वर्षाची सरासरी त्याच मोजपट्टीवर सुमारे 392.8 होती, म्हणजे वाढ पन्नास टक्क्यांहून किंचित अधिक, आणि केंद्राचा जानेवारी 2024 चा दर त्यामुळेच 50 टक्के ठरला. येथे ‘वाढ’ हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण निवृत्ताच्या पदरी नवे काही पडत नाही; जी खरेदीशक्ती आधीच गेली तीच, काही महिने उशिराने, परत येते. कोविडकाळात केंद्राने जानेवारी 2020 ते जून 2021 या अठरा महिन्यांत ही वाढ रोखून धरली आणि त्या काळाची थकबाकीही दिली नाही. म्हणजे संरक्षित मानला गेलेला निवृत्तही पूर्णतः संरक्षित नसतो.

कामगाराचे गणित याहून वेगळे आहे. नोव्हेंबर 1995 मध्ये योजनेत दाखल होऊन नोव्हेंबर 2010 मध्ये वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झालेला, बारा हजार रुपये वेतनाचा एक कुशल कामगार कल्पिला, तर योजनेच्या सूत्रानुसार पेन्शनयोग्य वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागायचे असते. मात्र हे वेतन त्या वेळी 6,500 रुपयांच्या मर्यादेपर्यंतच धरले जात असल्याने 6,500 गुणिले 15 भागिले 70, म्हणजे सुमारे 1,393 रुपये एवढीच त्याची पेन्शन निघते. नोव्हेंबर 2010 मध्ये निर्देशांक 182 होता आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तो त्याच मोजपट्टीवर सुमारे 416 झाला. तीच खरेदीशक्ती टिकवायची असती तर 2024 मध्ये सुमारे 3,180 रुपये मिळायला हवे होते. प्रत्यक्षात हाती आलेले 1,393 रुपये 2010 च्या जेमतेम 609 रुपयांइतके मोलाचे उरले. सेवेत असताना त्याच्या पेन्शनयोग्य वेतनात मूळ पगाराबरोबर महागाई भत्ताही मोजला जात होता, म्हणजे नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत, वेतनमर्यादेच्या आत का होईना, महागाई मान्य असलेल्या सूत्राने निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ती अमान्य केली.

‘अंशदानाची योजना, म्हणून महागाई वाढ नाही’ हे विधान एका शेजारच्या उदाहरणानेच खोटे ठरते. ज्या 1995 साली ईपीएस आली, त्याच वर्षी सार्वजनिक बँकांच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन नियमावली आली, आणि तीही भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या हिश्श्यावरच उभी राहिली. तरीही बँकेच्या निवृत्ताला निर्देशांकानुसार महागाई वाढ मिळते. एप्रिल 2025 पासून केंद्राने लागू केलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत कर्मचारी वेतनाच्या दहा टक्के भरतो आणि त्यातही महागाई वाढ आहे. उलट, 4 नोव्हेंबर 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्यांनी पूर्ण वेतनावर फरकाची रक्कम भरून वाढीव ईपीएस पेन्शन घेतली, त्यांची पेन्शन मोठी झाली तरी तीही गोठलेलीच. तेव्हा अंशदान दिले की नाही, किती दिले, यावर हा प्रश्न ठरत नाही.

तो ठरतो निधीत तूट आली तर ती भरण्यास कोण बांधील आहे, यावर. बँकेच्या निधीचे विमागणिती मूल्यमापन होते, म्हणजे आजच्या सर्व पेन्शनधारकांना आयुष्यभर देण्यास किती रक्कम लागेल याचा अंदाज बांधला जातो, आणि कमी पडेल ते बँकेला भरावे लागते. ईपीएसमध्येही वार्षिक मूल्यमापनाची तरतूद आहे; पण मालकाचे 8.33 टक्के आणि केंद्राचे 1.16 टक्के, असा भरणा आधीच ठरलेला असून तूट दिसली तर अंशदान किंवा लाभ बदलण्याची मुभा केंद्राला आहे, बंधन नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत याच तरतुदीखाली पेन्शनमध्ये थोडी वाढ झालीही, पण ती 2000 नंतर थांबली. विरोधकांच्या युक्तिवादातील खरा धागा हाच: तुटीची जबाबदारी कोणावर हे न ठरवता सर्व पेन्शन निर्देशांकाला जोडल्या, तर निधी लवकर किंवा उशिरा कोसळेल.

परंतु सप्टेंबर 2014 मध्ये ठरवलेली किमान पेन्शन हे पुरेसे संरक्षण आहे, हा बचाव मात्र मान्य करता येत नाही. ती एक हजार रुपयांची मर्यादाही निर्देशांकाला बांधलेली नाही. त्या महिन्याच्या 253 या निर्देशांकावरून मोजल्यास नोव्हेंबर 2024 मध्ये ती 1,640 च्या पुढे असायला हवी होती. राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, 2013 मध्येच किमान तीन हजारांची आणि केंद्राचा वाटा 1.16 वरून 8.33 टक्क्यांवर नेण्याची शिफारस केली होती. या दोन शिफारशी एकत्र येणे महत्त्वाचे, कारण लाभाबरोबर पैशाची वाटही त्यात सांगितली होती. बुलढाण्यात डिसेंबर 2018 पासून साखळी उपोषण करणाऱ्या पेन्शनधारकांच्या साडेसात हजार अधिक महागाई भत्ता या मागणीला मात्र ती वाट अजून तितक्याच स्पष्टपणे जोडली गेलेली नाही.

या वादात वेतनमर्यादेकडे होणारे दुर्लक्ष सर्वांत नवलाचे आहे. जून 2001 मध्ये ठरलेली 6,500 ची मर्यादा ऑगस्ट 2014 पर्यंत तशीच राहिली. ती निर्देशांकाबरोबर सरकली असती तर 2010 मध्ये सुमारे 11,800 झाली असती. वरील कामगाराच्या नावे निधीत दरमहा 541 ऐवजी 983 रुपये जमा झाले असते आणि पेन्शन 1,393 ऐवजी सुमारे 2,529 निघाली असती. म्हणजे कामगाराचे नुकसान निवृत्तीनंतर सुरू होत नाही, तर मर्यादा गोठवून ते आधीच सुरू झालेले असते, आणि त्याच गोठवणुकीने निधीही उपाशी राहतो. मर्यादा वर गेली की केंद्राचा 1.16 टक्क्यांचा वाटाही आपोआप फुगतो. ती सरकवण्यातील दिरंगाई समजण्यास एवढे पुरेसे आहे. मर्यादा निर्देशांकाला बांधून, आणि मिळणाऱ्या पेन्शनच्या पहिल्या तीन हजार रुपयांपुरतीच महागाई वाढ देऊन खर्चाला मोजता येईल असा काठ घालता येतो. पुरुषोत्तमनगरच्या या कल्पित कामगाराची पेन्शन त्या काठाच्या आत बसते, आणि त्याच्या पश्चात विधवेला मिळणारी निम्मी रक्कमही.