तक्त्यात ‘ताण’ कुठे लिहायचा?

इंजिनिअरिंगच्या नोट्समधून मुलं शब्दांचा तक्ता करतात, तेव्हा तो बहुतेक वेळा दोनच रकान्यांचा असतो. एकीकडे इंग्रजी शब्द, समोर डिक्शनरीतला मराठी शब्द. मग ‘मोमेंट’पुढे ‘क्षण’ येतो आणि ‘मेंबर’पुढे ‘सभासद’. ट्रसचा सभासद! अशा चुका निदान लगेच दिसतात. न दिसणारी चूक ‘ताण’ या शब्दात आहे.

आपण दोरी ओढतो तोही ताण, दोरीच्या आत निर्माण होतो तोही ताण आणि ती लांबते तेव्हा ‘ताणली गेली’ म्हणतो. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’मध्ये मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत : टेन्शन, स्ट्रेस आणि स्ट्रेन. तिघांपुढे ‘ताण’ लिहिलं की गणित तिथेच फसतं. परिभाषेत ‘प्रतिबल’, ‘विकृती’ असे शब्द आहेत, पण ते मुलाला इंग्रजीइतकेच नवे. शिवाय प्रश्नपत्रिकेत आणि साइटवर भेटणार ‘स्ट्रेस’च. म्हणून माझं मत असं, की संज्ञा इंग्रजीच ठेवा आणि मराठी रकान्यात प्रतिशब्दाऐवजी एक पूर्ण वाक्य लिहा. तिसरा रकाना चिन्ह आणि एककाचा.

एक उदाहरण घेऊ. 2 मीटर लांबीची, 10 मिमी बाय 10 मिमी चौरस स्टीलची सळई वर घट्ट धरली आणि खाली साधारण एक टन वजन टांगलं, म्हणजे 10 kN ओढ. सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ 100 mm², म्हणून स्ट्रेस 10000/100 = 100 N/mm². सळई सुमारे 1 मिमी लांबते, म्हणून स्ट्रेन 1/2000 = 0.0005. आता तक्ता असा होतो :

| संज्ञा | मराठीत | चिन्ह, एकक |
|---|---|---|
| टेन्शन | सळईला दोन्ही टोकांनी बाहेर खेचणारी ओढ | P, N |
| स्ट्रेस | ती ओढ छेदाच्या दर चौरस मिमीवर किती वाटली गेली | σ, N/mm² |
| स्ट्रेन | मूळ लांबीच्या मानाने सळई किती लांबली | ε, एकक नाही |

एककाचा रकाना मुलं गाळतात. खरं तर गोंधळ आधी तिथेच पकडला जातो : स्ट्रेनपुढे N/mm² दिसलं, तर अर्थ कळलेला नाही.

शाळेच्या विज्ञानात पक्का झालेला शब्द मात्र सोडू नये. ‘डक्टिलिटी’च्या वाक्यात ‘तन्यता’ जरूर यावी; तार काढता येण्याचा गुणधर्म मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच नावाने ठाऊक असतो.

घरी तपासायला इंग्रजी येण्याची गरज नाही. पहिला रकाना हाताने झाका, मराठी वाक्य वाचा आणि संज्ञा विचारा. एका वाक्याला दोन उत्तरं आली, तर ते वाक्य बदलायचं. ‘हार्डनेस’ आणि ‘टफनेस’पुढे नुसतं ‘मजबूतपणा’ लिहिलेलं असेल, तर हमखास असं होतं. तिथे काच आठवायची : तिच्यावर सहज ओरखडा पडत नाही, पण आपटली की फुटते. म्हणजे हार्डनेस भरपूर, टफनेस कमी.